लायसन्सची पहिली ओळ

“पण लायसन्स मी कुठून आणू, साहेब? टेंपो काय आमचा नव्हता.”

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या बाहेरच्या बाकावर बसून एका बाईंनी मला हे विचारलं. कुर्ल्याला राहणाऱ्या. नवरा चौतीस वर्षांचा, एका कारखान्यात फिटर, महिना १८ हजार पगार. सकाळी कामावर जाताना लाल बहादूर शास्त्री मार्गावर मालवाहू टेंपोने मागून धडक दिली आणि तो जागीच गेला. घरात दोन लहान मुलं आणि सासू. बाईंच्या हातात विमा कंपनीच्या लेखी जबाबाची प्रत होती, अकरा पानांची, इंग्रजीत. भावाने वाचून त्यांना एवढंच सांगितलं होतं की कंपनी म्हणते, ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, म्हणून आम्ही पैसे देणं लागत नाही.

त्यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. टेंपोमालक आणि विमा कंपनी यांच्यातल्या कराराची अट मोडली की नाही, हा त्या दोघांमधला वाद. ज्याचा माणूस गेला त्याचा त्या कराराशी संबंध नाही, त्याने पॉलिसी कधी पाहिलेलीही नसते. तरी त्या वादाचं ओझं प्रत्यक्षात त्याच्याच डोक्यावर येतं, कारण वाद मिटेपर्यंत दावा पुढे सरकत नाही. माझं म्हणणं असं की, पॉलिसीची अट मोडल्याचा बचाव घ्यायचा असेल तर कोणती अट, कोणी, कशी मोडली आणि त्याचा कागद कोणता, हे विमा कंपनीने जबाब दाखल करतानाच सांगितलं पाहिजे. ते सांगितलेलं नसेल, तर न्यायाधिकरणाने त्यावर मुद्दाच काढू नये, म्हणजे तो वाद सुनावणीला घेऊच नये.

हे मी दोन्ही बाजू पाहून म्हणतो. वकिलीची पहिली सहा वर्षं मी एका विमा कंपनीच्या पॅनेलवरच्या वकिलांकडे ज्युनिअर होतो. असे जबाब मी स्वतः तयार केले आहेत. ठरलेला मसुदा संगणकात असायचा. दाव्याचा नंबर, नावं, गाडीचा नंबर आणि पॉलिसीचा नंबर बदलायचा की जबाब तयार. ‘अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध व परिणामकारक लायसन्स नव्हतं, वाहनास परमिट नव्हतं, योग्यता प्रमाणपत्र नव्हतं, चालक मद्याच्या अंमलाखाली असावा, विमेदाराने अपघाताची सूचना कंपनीस दिली नाही’ हा परिच्छेद रिक्षापासून ट्रेलरपर्यंत सगळ्यांना लागायचा. तो लिहिताना आमच्यासमोर लायसन्स नसायचं आणि आरसी बुकही नसायचं. पुढे काही सापडलं तर हाताशी बचाव असावा, एवढाच विचार असायचा.

कुर्ल्याच्या दाव्यातला जबाब याच जातीचा होता. तो एकेक वाक्य घेऊन तपासला तर काय उरतं, ते सांगतो.

सूचना दिली नाही, ही तक्रार आधी घेऊ, कारण ती सर्वांत सोपी आहे. अपघात झाल्यावर मालकाने कंपनीला लगेच लेखी कळवावं, अशी अट प्रत्येक मोटार पॉलिसीत असते. पण तिसऱ्या माणसाच्या दाव्याविरुद्ध कोणते बचाव चालतात, हे पॉलिसी ठरवत नाही, मोटार वाहन कायदा ठरवतो. पूर्वी ते कलम १४९(२) मध्ये होतं. २०१९ची दुरुस्ती या भागापुरती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यावर ते कलम १५० मध्ये आलं. तिथली यादी आखूड आहे: परमिटशिवाय भाड्याने वाहतूक किंवा परमिटबाहेरचा वापर, शर्यत, लायसन्स नसलेला किंवा अपात्र ठरवलेला चालक, नव्या कायद्यात दारू-नशा, महत्त्वाची माहिती दडवून घेतलेली पॉलिसी, न भरलेला हप्ता, अशी मोजकीच कारणं. उशिरा कळवणं त्या यादीत नाही. त्यावर मालकाशी भांडायचं असेल तर कंपनीने खुशाल भांडावं, पण विधवेच्या दाव्याला ते उत्तर होत नाही.

दारूबद्दल जबाबात ‘असावा’ हा शब्द होता. दोषारोपपत्रात कलम १८५ लावलेलं नव्हतं. रक्ताचा नमुना, वैद्यकीय अहवाल, काहीच नव्हतं. योग्यता प्रमाणपत्राची प्रत पोलिसांच्या कागदांतच होती आणि त्याची मुदत शिल्लक होती.

परमिटचा आक्षेप कायद्याशीच विसंगत होता. आरसीवर त्या टेंपोचं एकूण वजन, म्हणजे गाडी आणि भरता येणारा माल मिळून, २,५४० किलो लिहिलेलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६(३) प्रमाणे ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागतच नाही. जे लागत नाही ते नव्हतं, हा शर्तभंग कसा होईल? जबाब लिहिणाऱ्याने आरसीची एक ओळ पाहिली असती तर हे वाक्य त्याने लिहिलं नसतं.

राहिलं लायसन्स. इथे कंपनीकडे खरोखर काहीतरी होतं, म्हणून मी इथे जरा थांबतो.

कंपनीने साक्षीसाठी आरटीओच्या लिपिकाला समन्स काढलं. पहिल्या तारखेला समन्स बजावलं गेलं नव्हतं. दुसऱ्या तारखेला लिपिक दुसऱ्या कोर्टात होता. मग न्यायाधीशांची बदली झाली, मग सुट्टी आली, मग कंपनीचे वकील बदलले. मुद्दे निघाल्यापासून हा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत १४ महिने गेले. तो लायसन्सचा उतारा घेऊन आला. कंपनीच्या वकिलांनी त्याच्याकडून वदवून घेतलं की चालकाच्या लायसन्सची ट्रान्सपोर्टची, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवण्याची, मुदत नोव्हेंबरात संपली होती आणि अपघात पुढच्या मार्चात झाला. तेवढ्यावर सरतपास संपला.

उताऱ्यावर ओळी दोन होत्या. दुसरी ओळ ट्रान्सपोर्टची, ती नोव्हेंबरात संपलेली. पहिली ओळ हलक्या मोटार वाहनाची, खासगी वापराची, एन.टी. म्हणतात ती. तिची मुदत अपघातानंतर आणखी नऊ वर्षं होती. उलटतपासात मी लिपिकाला एवढंच विचारलं की अपघाताच्या दिवशी या माणसाकडे हलकं मोटार वाहन चालवायचं चालू लायसन्स होतं का. तो म्हणाला, होतं.

आता गंमत वाटावी इतक्या जुन्या वादाकडे येऊ. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाने टेंपो-टॅक्सीसारखी व्यावसायिक गाडी चालवली तर वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद हवी का, यावर देशभर हजारो जबाब लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितलं की ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला ती नोंद लागत नाही. विमा कंपन्यांनी तो निकाल पुन्हा तपासायला लावला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलियान्झ विरुद्ध रंभादेवी या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच अर्थ कायम केला. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांसारखे अपवाद आहेत, पण आमच्या टेंपोत कपड्यांचे गठ्ठे होते. २,५४० किलोची गाडी, चालू असलेलं हलक्या वाहनाचं लायसन्स. म्हणजे अट मोडलेलीच नव्हती. दुसरी ओळ संपली म्हणून पहिली मरत नाही.

आणि मला खरा राग आला तो उताऱ्याच्या तळाशी असलेल्या तारखेचा. तो उतारा कंपनीच्या तपासनिसाने अर्ज करून काढलेला होता, आणि तो जबाब दाखल होण्याच्या दोन महिने आधीचा होता. म्हणजे जबाबात ‘लायसन्स नव्हतं’ असं लिहिलं गेलं तेव्हा कंपनीच्याच फाइलमध्ये लायसन्स असल्याचा कागद होता. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तपासनिसाचा अहवाल क्लेम विभागात जातो, मसुदा वकिलाच्या ऑफिसात तयार होतो, आणि दोन्ही कागद एका टेबलावर येतच नाहीत. पण न्यायाधिकरणापुढे सत्यापनावर सही करणारा अधिकारी ‘हे मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत’ असं लिहून देतो. त्या सहीला काही अर्थ असेल, तर सही करणाऱ्याने फाइल उघडून पाहणं ही किमान अपेक्षा आहे.

त्या १४ महिन्यांची किंमत काय? १८ हजार पगार म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की ३ लाख २ हजार ४००. अवलंबून माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले २ लाख २६ हजार ८००. चौतिसाव्या वर्षाला गुणक १६. रक्कम होते ३६ लाख २८ हजार ८००. अंत्यविधी, सहजीवनाची हानी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या; त्या मी इथे सोडतो. साडेसात टक्के व्याज धरलं तर या रकमेवर वर्षाला २ लाख ७२ हजार १६० रुपये चढतात, महिन्याला २२ हजार ६८०. त्या माणसाच्या जिवंतपणीच्या पगारापेक्षा हे व्याज जास्त आहे. एका साक्षीदाराची वाट पाहण्यात कंपनीने ३ लाख १७ हजार ५२० रुपये व्याजात घालवले, आणि तेही पहिल्या ओळीत हरलेला मुद्दा सिद्ध करण्यासाठी.

व्याज मिळतंच की मग कुटुंबाचं नुकसान काय, असं मला एका मित्राने विचारलं होतं. व्याज निकालानंतर मिळतं. त्या १४ महिन्यांत बाईंनी मुलीची शाळा बदलली, सासूच्या बांगड्या गहाण ठेवल्या आणि दिवाळीआधी मला विचारलं, “थोडे तरी आधी मिळतील का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विमा कंपन्यांची बाजू मला माहीत आहे आणि ती पोकळ नाही. बनावट लायसन्सं असतात. मालक नोटीस घेऊनही हजर होत नाही, चालक गावी निघून जातो, आणि जबाबाला मुदत थोडी. आज बचाव घेतला नाही तर उद्या तो घेताच येणार नाही, या भीतीने वकील सगळं लिहून टाकतो. ही भीती मीही जगलो आहे.

पण परिस्थिती बदलली आहे. आता लायसन्सची माहिती सारथी पोर्टलवर आणि गाडीची वाहन पोर्टलवर पाहता येते. २०२२च्या नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, तोही विमा कंपनीला. त्यात लायसन्स, परमिट, योग्यता प्रमाणपत्र यांची पडताळणी असते. हे अहवाल वेळेत येत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण मग कंपनीने जबाबात सरळ लिहावं: ‘लायसन्सची पडताळणी चालू आहे, अमुक तारखेला आरटीओकडे अर्ज केला आहे, मालकाला लायसन्स हजर करण्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने अमुक तारखेला पाठवली आहे, दोष आढळल्यास जबाबात दुरुस्तीची परवानगी मागू.’ खरा कागद घेऊन आलेल्या कंपनीला दुरुस्ती नाकारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. माहिती नसताना ‘नव्हतं’ म्हणणं आणि ‘तपासतो आहोत’ म्हणणं, यांत एका खटल्याच्या वर्षभराचा फरक आहे.

आता समजा, लायसन्स खरोखरच बनावट निघालं. तरीही कंपनी सुटते का? नाही. २००४ सालच्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या निकालात तीन न्यायाधीशांनी हे सविस्तर सांगितलं आहे. चालकाकडे लायसन्स नव्हतं एवढं दाखवून भागत नाही. मालकाने त्याबाबत पुरेशी काळजी घेतली नाही, म्हणजे शर्तभंग मालकाच्या दोषाने झाला, हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर आहे. मालकाने लायसन्स पाहिलं होतं, ते खरं दिसत होतं, चालक गाडी नीट चालवतो याची खात्री करून घेतली होती, तर त्याने आणखी आरटीओत जाऊन चौकशी करावी अशी अपेक्षा नाही, हे न्यायालयाने आधी लेहरू प्रकरणात म्हटलं होतं आणि २०२२ साली ऋषीपाल सिंग प्रकरणात पुन्हा म्हटलं. आणि मालकाचा दोष सिद्ध झाला तरी बहुतेक वेळा हुकूम होतो तो असा: कंपनीने आधी कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत.

हा हुकूम म्हणजे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. शर्तभंग खरा असला तरी कुटुंबाला पैसे कंपनीकडूनच मिळणार असतील, तर तो वाद सुटेपर्यंत कुटुंबाला का थांबवायचं? अपघात निष्काळजीपणाने झाला का आणि भरपाई किती, एवढं आधी ठरवावं, पैसे द्यावेत, आणि वसुलीचा मुद्दा कंपनी आणि मालक यांच्यात त्याच न्यायाधिकरणात पुढे चालू द्यावा. स्वर्णसिंगनंतर वेगळा दिवाणी दावा लावायची गरजच उरलेली नाही. कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते.

इथे एक भेद पाळला पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं अतिरेकी होईल. अट मोडणं वेगळं आणि पॉलिसीच नसणं वेगळं. हप्त्याचा चेक वटला नाही आणि कंपनीने अपघाताआधीच पॉलिसी रद्द करून मालकाला तसं कळवलं असेल, तर कंपनीला जबाबदार धरता येत नाही. मालवाहू गाडीत मागे फुकट बसवलेल्या प्रवाशांना पॉलिसीचं संरक्षण मुळातच नसतं. असे बचाव आधी ऐकले पाहिजेत, कारण त्यावर कंपनी या दाव्यात आहे की नाही हेच ठरतं. पण तेही कागदासह: चेक परत आल्याचा बँकेचा मेमो, रद्द केल्याचं पत्र, ते पोचल्याची पावती. हे सगळं कंपनीच्याच ताब्यात असतं, त्यासाठी कोणत्याही साक्षीदाराची वाट पाहावी लागत नाही.

वसुली कागदावरच राहते, ही कंपन्यांची तक्रार मला मान्य आहे. एका टेंपोच्या मालकाकडून छत्तीस लाख कुठून निघणार? म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नंजप्पन प्रकरणात, २००४ सालीच, मालकाकडून तारण घ्यायला आणि गरज पडल्यास गाडी जप्त करायला सांगितलं. तारण घ्यावं, लवकर घ्यावं. पण त्याच हुकुमात कुटुंबाला पैसे सोडण्याआधी तारण घ्यावं असा क्रम आहे, आणि तो मला पटत नाही. मालक सापडेपर्यंत पुन्हा कुटुंबच थांबतं. तारणाची मागणी कंपनीने जबाबासोबतच करावी, निकालाची वाट कशाला पाहायची? ज्या कंपनीला शर्तभंगाची खात्री आहे, ती पहिल्याच तारखेला मालकाची गाडी विकू नये म्हणून अर्ज करेल. असा अर्ज मी माझ्या सगळ्या वकिलीत दोनदा पाहिला आहे, आणि ‘लायसन्स नव्हतं’ हे वाक्य शेकडो वेळा.

टेंपोमालकांनाही एक सांगायचं आहे. कुर्ल्याच्या दाव्यातला मालक एकदाही आला नाही. विमा आहे, कंपनी बघून घेईल, असं त्याला वाटलं असणार. पण शर्तभंगाचा बचाव सर्वांत आधी त्याच्याच अंगावर येतो. कंपनीची नोटीस येऊनही मालकाने लायसन्स हजर केलं नाही, तर न्यायाधिकरण त्याचा प्रतिकूल अर्थ काढू शकतं आणि वसुलीचा हुकूम त्याच्या गैरहजेरीत होऊ शकतो. चालक ठेवताना त्याच्या लायसन्सची झेरॉक्स, तारीख टाकून, आपल्याकडे ठेवा. दोन्ही मुदती वाचा. न्यायाधिकरणाची नोटीस आली की कंपनीचा जबाब मागून घ्या, कारण त्यात तुमच्याविरुद्ध काय लिहिलं आहे हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही.

लिपिकाच्या साक्षीनंतर कंपनीने पुरावा संपल्याची पुरसीस दिली. निकालात लायसन्सच्या मुद्द्यावर साडेतीन ओळी आहेत: चालू लायसन्स होतं, शर्तभंग सिद्ध नाही, मालक आणि विमा कंपनी संयुक्तपणे जबाबदार. निकालाची प्रत घ्यायला बाई भावासोबत आल्या होत्या. त्यांनी मला त्या साडेतीन ओळी मराठीत दोनदा वाचायला लावल्या आणि विचारलं, “मग हे त्यांना आधी माहीत नव्हतं का?”

मी त्यांना उताऱ्याच्या तळाची तारीख दाखवली.